ती इंग्रजीत का लिहिते?

पत्रिका जुळली, फोटो पसंत पडले, मुलामुलीला एकमेकांचे नंबर दिले, की आठवड्याभरात पुण्याहून नाहीतर नाशिकहून मुलाच्या आईचा फोन येतो. "मुलगी मराठी म्हणून सांगितली होतीत ना? आमचा हा मराठीत लिहितो आणि ती इंग्रजीत उत्तरं देते. तिच्या मनात नसेल तर तसं सांगून टाका." बडोद्यातल्या मराठी घरांची स्थळं जुळवायला जे मदत करतात, त्यांना ही तक्रार आता पाठ झाली आहे. कधी सोबत स्क्रीनशॉटही येतो. त्यात एका बाजूला रोमन लिपीतलं मराठी आणि दुसऱ्या बाजूला नीटनेटकं इंग्रजी असतं, आणि "बघा, किती कोरडं" असा शेरा.

या शेऱ्यावर किती जणांची बोलणी थांबली हे मोजायला कुणी बसलेलं नाही. पण थांबतात हे मी पाहते. आपल्या भाषेत लिहिलं म्हणजे जवळीक आणि इंग्रजीत लिहिलं म्हणजे अंतर, हे गणित सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. बडोद्याच्या मुलीला ते लावलं की उत्तर चुकतं. कधीकधी तर नेमकं उलटं येतं.

कारण इथल्या मराठीची घडणच वेगळी आहे. गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि नंतर दरबाराच्या चाकरीत आलेली घरं दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत स्थिरावली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, ही वाटणी तेव्हापासूनची. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. रयत गुजराती होती, त्यामुळे शाळाही बहुतेक गुजराती निघाल्या. मराठी शाळा होत्या, चांगल्या होत्या. पण १९६० साली राज्यं वेगळी झाली आणि मराठी माध्यमाला पुढची वाट उरली नाही. आज पंचवीस-तीस वर्षांची जी मुलगी स्थळासाठी उभी आहे, ती इंग्रजी नाहीतर गुजराती माध्यमात शिकलेली आहे. तिची मराठी आजीकडून कानाने आली. आरत्या पाठ आहेत, आईशी कडाकडा भांडते ती मराठीतच, पण मराठीत चार ओळी लिहायचा प्रसंग तिच्यावर कधी आला नाही. १९०९ साली या गावात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, २०१८ सालीही भरलं. संमेलनाच्या मांडवात बसलेल्या किती नातवंडांना निमंत्रणपत्रिकेवरची जोडाक्षरं न अडखळता वाचता आली असती, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता आणि कुणाला आवडला नव्हता.

आणि चॅट म्हणजे लिहिणं. नेमकी जी गोष्ट तिला येत नाही, तिच्यावरून आपण तिचं मन जोखतो.

रोमन लिपीमुळे हे थोडं सोपं होतं. ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाहीत, अनुस्वाराची भीती नाही. तरी एक अडचण लिपीने सुटत नाही. मराठीत समोरच्याला पहिलं वाक्य लिहितानाच ठरवावं लागतं, तू की तुम्ही. "कुठे काम करता?" की "कुठे काम करतोस?" मधली वाट नाही. सर्वनाम गाळलं तरी क्रियापद बोलतंच. ज्याचा फोटो काल बघितला, ज्याच्याशी लग्न होईल किंवा महिन्याभरात विषय संपेल, त्याला काय म्हणायचं? तुम्ही म्हटलं तर पुण्यातल्या समवयस्काला आपण काका झाल्यासारखं वाटतं. तू म्हटलं तर आपणच घाई केल्यासारखं होतं, आणि मुलीने घाई केली की त्याचे अर्थ वेगळे निघतात. बडोद्याच्या माणसाची आणखी एक पंचाईत असते. गुजरातीत बरोबरीच्या माणसालाही 'तमे' म्हणतात, नवरा-बायकोसुद्धा म्हणतात, आणि त्यात काही थंडपणा नसतो. तीच सवय मराठीत आणून आमचा बडोद्याचा मुलगा नागपूरच्या मुलीला तुम्ही-तुम्ही करत राहिला, तेव्हा तिने घरी सांगितलं, "फार फॉर्मल आहे, जमणार नाही." बिचारा आदराने नव्हे, सवयीने लिहीत होता.

इंग्रजीत हा निर्णय घ्यावाच लागत नाही. पहिल्या पंधरवड्यातलं इंग्रजी बऱ्याचदा एवढ्याचसाठी असतं. ते नाकारणं नसतं, निर्णय पुढे ढकलणं असतं.

हे काही आजच्या पिढीचं खूळ नाही. सांगली जिल्ह्यात कुपवाड म्हणून गाव आहे. तिथे जैन घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू आणि इतर बऱ्याच घरांत मराठी चाले. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली या गावाच्या बोलण्यावर एक निबंध लिहिला, तो भाषाशास्त्रात आजही शिकवतात. त्यात गाजलं ते हे, की शेकडो वर्षांच्या शेजारामुळे या भाषांच्या वाक्यांचे सांगाडे जवळपास एक झाले होते आणि शब्द तेवढे वेगळे उरले होते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. गावात वजन कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या जमीनदार घरांचं, पण निरनिराळ्या जमातींची माणसं एकमेकांशी बोलत ती मराठीत, कारण ती त्या दोघांपैकी कुणाच्याच घरची नव्हती. आपल्या घरची भाषा समोरच्यावर लादायची नाही, त्याच्या घरात आगंतुकपणे शिरायचंही नाही, अशी ती सोय होती. कुपवाडात मराठीने जे केलं तेच पहिल्या चॅटमध्ये इंग्रजी करते. कुपवाडच्या शेतकऱ्याला आपण कोरडा म्हणणार का?

आता एक उदाहरण सविस्तर सांगते. दोघांनी सांगायला हरकत नाही म्हटलं आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मुलगी कारेलीबागेतली, अलकापुरीत फिजिओथेरपिस्ट. मुलगा कोथरूडचा.

पहिला मेसेज मुलाचा, मराठीत, थेट तू-वर आलेला : "आईने नंबर दिला, तू आज बिझी आहेस का?" उत्तर इंग्रजीत आलं : आत्ता पेशंट आहेत, नऊनंतर मोकळी आहे. रात्री त्याने पुन्हा मराठीत विचारलं, तिने पुन्हा इंग्रजीत सांगितलं. असं दोन दिवस चाललं आणि तिसऱ्या दिवशी त्यानेही इंग्रजी धरलं. त्याच्या आईच्या मते इथेच "काही खरं नाही" हे स्पष्ट झालं होतं. मला तिथे मुलाचा शहाणपणा दिसला. समोरची ज्या भाषेत सोयीने चालते आहे तिकडे तो न बोलता वळला. माणसं एकमेकांकडे सरकतात तेव्हा बोलण्याची ढब, वेग, भाषा आपोआप जुळवून घेतात, आणि ज्याला सरकायचं नसतं तो आपली ढब मुद्दाम घट्ट धरून ठेवतो.

मग उत्तरायण आलं. चौदा जानेवारीला बडोद्यात कुणी घरात नसतं. सगळे गच्चीवर, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण म्हणून पुन्हा गच्चीवर. तिने एक व्हॉइस नोट पाठवली. त्यात मागे सगळी पोळ, म्हणजे गल्ली, "काप्यो छे!" म्हणून ओरडते आहे आणि तीही ओरडते आहे. त्याने विचारलं, हे काय? आणि तिने पहिल्यांदा मराठीत लिहायला घेतलं. मांजा कसा सुततात, उंधियू आदल्या रात्रीपासून कसं लागतं, आजोबांची फिरकी कुणालाच का मिळत नाही, असं सलग लिहीत सुटली. मधल्या एका ओळीत होतं, "आता चहा झाली की परत वर जाते."

त्याने उत्तर दिलं : "चहा झाला. झाली नाही." पुढे हसरा चेहरा.

गुजरातीत चा स्त्रीलिंगी, हिंदीत चायही स्त्रीलिंगी. तीन भाषांतल्या दोन जिंकल्या आणि बडोद्याच्या मराठी स्वयंपाकघरात चहा 'झाली'. मुलाच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण स्क्रीनवर त्यानंतर काय आहे ते बघण्यासारखं आहे. पुढचा मेसेज इंग्रजीत, एका ओळीचा. त्या रात्री मराठी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. कितीतरी दिवस नाही. हे इंग्रजी मात्र खरोखर अंतराचं होतं. भाषा तीच, माणूस तोच, पहिल्या आठवड्यातल्या इंग्रजीचा अर्थ वेगळा आणि याचा वेगळा. म्हणून मी म्हणते, की कुठली भाषा हे बघून काही कळत नाही. ती कधी बदलली आणि बदलण्याच्या लगेच आधी काय झालं, हे बघावं लागतं.

दुरुस्तीची ही सवय आपल्या लोकांची जुनी आहे. पुण्याहून आलेला पाहुणा बडोद्याच्या मुलांची मराठी पहिल्या चहाबरोबरच तपासतो, आणि मुलं त्याच्यासमोर गप्प बसतात. मग तोच म्हणतो, यांना मराठी येत नाही.

या दोघांचं पुढे मार्गी लागलं ते एका लांबलचक इंग्रजी मेसेजने. तिचं आधी एक लग्न ठरून मोडलं होतं. ते तिने रात्री साडेअकराला, एका दमात, संपूर्ण इंग्रजीत त्याला लिहिलं. साखरपुडा झाला होता, कुणी काय म्हटलं, तिने नकार का दिला, सगळं. मुलाच्या आईला हे कळलं तेव्हा त्यांचा प्रश्न पुन्हा तोच : एवढी मोठी गोष्ट, आणि ती इंग्रजीत? परक्याला पत्र लिहावं तशी?

मला वाटतं, ती इंग्रजीत होती म्हणूनच लिहिता आली. लहानपणी ज्या भाषेत रागावून घेतलं, ज्या भाषेत घरच्यांची रडारड ऐकली, ती भाषा अंगावर येते. पुढे शिकलेल्या भाषेत तेच शब्द हलके लागतात. अनेक भाषा बोलणाऱ्यांच्या भावनांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना हे वारंवार आढळलं आहे, आणि शिवी परभाषेत किती सहज देता येते हे ज्याने अनुभवलं आहे त्याला अभ्यासकांची गरजही नाही. त्या मुलीने मराठीत "माझं लग्न मोडलं" असं लिहिलं असतं तर त्या वाक्यात तिच्या आईचा आवाज आला असता, मावशीचा सुस्कारा आला असता. इंग्रजीत फक्त तिचं म्हणणं आलं. त्या सगळ्या चॅटमध्ये सर्वांत विश्वासाने लिहिलेला मेसेज तोच होता, आणि बाहेरून वाचणाऱ्याने त्यालाच कोरडा ठरवलं.

त्यानंतर तिच्या मेसेजांत गुजराती दिसू लागलं. ज्याला गुजराती येत नाही त्याला ती अधूनमधून "अरे यार, शुं करवानुं" असं लिहू लागली. मराठी-इंग्रजी ही तिची पाहुण्यांपुढची भाषा. मैत्रिणींत, क्लिनिकमध्ये, रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना ती गुजराती असते, आणि ते गुजराती आता झाकायची गरज तिला उरली नव्हती. त्याने अर्थ विचारला आणि दोन दिवसांनी तेच वाक्य चुकीच्या जागी वापरलं. तिने दुरुस्त केलं नाही. बडोद्याच्या मुलीच्या बाबतीत सलगीची खूण शोधायचीच असेल तर मी इथे शोधीन. मराठी घरचं स्थळ म्हणून दाखवण्यासाठी जी भाषा ती लपवते, ती बाहेर येते का, हे बघीन.

याच्या उलट एक प्रकार आम्हाला इथे ओळखू येतो. पहिल्याच मेसेजमध्ये "केम छो, मजा मां?" लिहिणारा. त्याला वाटतं आपण जवळ गेलो. आमच्या मुली म्हणतात, "काकू, आणखी एक केम छो आला." बडोद्याच्या मराठी मुलीला तो पाट्यांवरच्या गुजरातवरून ओळखायला निघालेला असतो, तिने गुजरातीत अजून एक अक्षर लिहिलेलं नसतं. आणि त्याहून वाईट म्हणजे "माझ्याशी मराठीतच बोल ना" असा दुसऱ्याच संध्याकाळी धरलेला हट्ट. इंग्रजी मागे सरकून बसण्याची जागा असते. ती जागा तिने स्वतःहून सोडावी. कुणी खेचून काढू लागला तर तो पुढे आणखी कशाकशाला खेचेल, हे मुलींना बरोबर कळतं, आणि त्या वेळी त्या इंग्रजीतच राहतात हे योग्यच करतात.

अर्थात चॅटवरून वाचता येतं त्याला मर्यादा आहेत. दोन पेशंटच्या मध्ये लिहिलेलं उत्तर तुटकच असणार. फोनने पुढचा शब्द सुचवायचा आणि बोटाने तो दाबायचा, यात अर्धी भाषा फोनचीच असते. शेजारी धाकटा भाऊ बसलेला असला की वेगळं लिहिलं जातं. त्यामुळे एका मेसेजवरून काहीही ठरवू नये. ताळा करायचा तर एकच साधा मार्ग मला माहीत आहे : ती आपल्या मामेबहिणीला कसं लिहिते? सगळ्या जगाला जी इंग्रजीतच लिहिते तिचं तुम्हाला आलेलं इंग्रजी काहीच सांगत नाही. मामेबहिणीशी जी तीन भाषांची खिचडी करते आणि महिनाभर झाला तरी तुमच्याशी फक्त स्वच्छ इंग्रजी, तिथे मात्र थोडं थांबून विचार करावा. आणि ही माहिती पालकांना मिळत नाही, मिळूही नये. ती मुलालाच हळूहळू कळते.

माझ्या या म्हणण्यावर आमच्या वधू-वर मंडळातल्या एका नानांनी घेतलेला आक्षेप मात्र वजनदार आहे. ते म्हणाले, "सुरुवात ज्या भाषेत झाली तीच भाषा नवरा-बायकोत राहते. पुढे ठरवलं तरी बदलत नाही. मग इंग्रजीत सुरू झालेल्या घरात पोरं काय बोलतील?" यातलं पहिलं खरं आहे. दोन भाषांच्या जोडप्यांमध्ये हे दिसतं. एकदा एखाद्या माणसाशी एक भाषा जडली की त्याच्याशी दुसरीत बोलताना नाटक केल्यासारखं वाटतं. शिवाय बडोद्यात मराठी आधीच पातळ होत चालली आहे, त्यामुळे नानांची काळजी मला खोटी म्हणता येत नाही.

पण त्याचं उत्तर मराठीत टाइप करायला लावणं हे नाही. बडोद्याची मराठी तोंडात आहे, तर ती तोंडानेच सुरू करावी. कोथरूडच्या त्या मुलाने लांब मेसेजनंतर दुसऱ्या दिवशी फोन केला. तिने उचलला आणि पहिलंच वाक्य मराठीत आलं, तू म्हणून, कसलाही विचार न करता. तो मला म्हणाला, "काकू, ती माझ्यापेक्षा भराभर मराठी बोलते. मला मध्ये बोलायला मिळेना." चहा अजूनही 'झाली'च असते, असंही म्हणाला. बोलताना ते निसटून जातं. लिहिलेलं मात्र समोर राहतं आणि टोचतं. आता दोघं लिहितात इंग्रजीत आणि बोलतात मराठीत, आणि यात त्यांना काही विचित्र वाटत नाही.

म्हणून स्थळांच्या फॉर्मवर "मराठी लिहिता-वाचता येते का?" असा जो रकाना असतो, तो काढून टाकावा असं मी सुचवलं आहे. त्याऐवजी घरात कुणाशी कुठली भाषा बोलता, एवढं विचारावं. आजीशी कुठली, भावाशी कुठली, मित्रमैत्रिणींशी कुठली. मेळाव्यात स्टेजवर उभं करून मराठीत परिचय द्यायला लावतात तेही बंद करावं. पाठ केलेल्या पाच वाक्यांवरून मुलीची मराठी कळत नाही, तिला घाम फुटलेला तेवढा कळतो. नाना अजून राजी नाहीत. पुढच्या सभेत विषय पुन्हा येईल. तोवर ज्या आया मला स्क्रीनशॉट पाठवतात त्यांना मी एकच विचारते, दोघं फोनवर किती वेळा बोलली? आणि बहुतेकींना ते माहीत नसतं.